जाहिरात बघून रडलेली मुलगी दुसऱ्या दिवशी ताठ मानेने कशी चालेल?

पत्र: ताई, नमस्कार. मी एक लघुकथा लिहिलीय, माझ्या बारा वर्षांच्या मुलीसाठीच म्हणा ना. ती रंगाने सावळी आहे आणि हल्ली फोटो काढायचा म्हटलं की मागच्या मागे सटकते. गोष्ट सोबत जोडलीय, थोडक्यात अशी, की श्यामली नावाची मुलगी टीव्हीवर गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात बघते, खोलीत जाऊन रडते, मग आजी जवळ घेऊन सांगते की अगं विठ्ठल सावळा, कृष्ण सावळा, आणि दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेने शाळेत जाते आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली येते. एका मासिकाला पाठवली तर "शेवट पटत नाही" एवढंच लिहून परत आली. ते ठीक आहे, पण मुलीने वाचली आणि म्हणाली, "आई, असं कुठे होतं?" नेमकं कुठे बिनसलंय? आणि गोष्ट दुरुस्त होईल का?

उत्तर:

होईल की दुरुस्त, पण शेवटाला कितीही रंगरंगोटी केलीत तरी नाही होणार, कारण बिनसलंय ते मधे. आणि तुमच्या मुलीने संपादकांपेक्षा नेमकं बोट ठेवलंय, तिचंच ऐकायचं.

एक करून बघा. गोष्टीतून जाहिरात काढून टाका आणि तिथे शेजारच्या काकूंचा टोमणा टाका. बाकी काही बदलावं लागतं का? नाही लागत. मुलगी तशीच रडते, आजी तशीच समजावते, बक्षीस तसंच मिळतं. म्हणजे जाहिरात तुमच्या गोष्टीत आहे पण ती काही काम करत नाहीये, फक्त रडायला निमित्त झालीय. आता अडचण बघा, जाहिरात बनवलेलीच असते मुलीला कमी वाटावं म्हणून, मग तीच जाहिरात बघून तिला स्वतःचा रंग आवडायला लागला असं दाखवायचं असेल तर त्या जाहिरातीचं आणि मुलीचं मधे काहीतरी घडायला हवं ना, ती जाहिरात तिने उलटीपालटी करून बघायला हवी, तिची शिवण कुठेतरी उसवायला हवी. आणि ते आजीने नाही, मुलीने करायला हवं.

विठ्ठलाचं म्हणाल तर राग मानू नका, पण महाराष्ट्रातल्या यच्चयावत सावळ्या मुलींनी हे वाक्य ऐकलेलं असतं, आणि त्याच घरात दादाचं लग्न ठरवताना "मुलगी रंगाने जरा कमी आहे" हेही ऐकलेलं असतं. देव सावळा चालतो कारण देवाचा बायोडेटा कुणाकडे जात नाही. बारा वर्षांच्या मुलीला हे कळतं, बोलून दाखवत नाही एवढंच. म्हणून आजी ठेवा, जरूर ठेवा, पण तिच्या तोंडचं प्रवचन काढा आणि तिच्या हातात डाळीचं पीठ, साय आणि हळद द्या. जी आजी रविवारी नातीच्या मानेला घासघासून लावते, "जरा उजळशील गं" म्हणत, तीच आजी जीवही लावते. अशी आजी आपल्या ओळखीची आहे. तिला खलनायिका करायचं नाही आणि देवळातली पणतीही करायचं नाही.

वक्तृत्वाचं बक्षीसही काढा. मला माहितीये तुम्हाला ते टाकावंसं का वाटलं, मुलीच्या पदरात काहीतरी पडावं असं आईला वाटणारच, पण गोष्टीत त्याचा हिशेब उलटा लागतो. बक्षीस दिलं की वाचकाला कळतं की रंगाची तूट होती आणि ती बुद्धीने भरून काढली. तूट होती हे तुम्हीच कबूल केलंत. आणि ज्या सावळ्या मुलीला वक्तृत्वात नंबर येत नाही तिने काय करायचं? (नावही बदला बरं का. सावळ्या मुलीचं नाव श्यामली असलं की पहिल्याच ओळीत गोष्ट कळते. मी खाली रेवा म्हणतेय, तुम्ही काहीही ठेवा.)

आता जाहिरातीकडे येऊ. तुम्ही लिहिलंय "गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात लागली" आणि एका वाक्यात विषय संपवलाय. कुठली? कधीची? हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, कारण या जाहिराती एकसारख्या राहिलेल्या नाहीत. फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ मध्ये. २००३ च्या आसपास तिची एक जाहिरात होती ज्यात मुलगी क्रीम लावून उजळते, मग एअर होस्टेस होते आणि कमावती झाल्यावर बापाला तिची किंमत कळते, त्यावर अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार लावून धरली आणि ती जाहिरात बंद झाली. मग २०१४ मध्ये ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे जाहिरातवाल्यांचीच स्वतःवर लक्ष ठेवणारी जी संस्था आहे तिने, या क्रीम्ससाठी वेगळे नियम काढले. सावळ्या माणसाला दुःखी, उदास, अनाकर्षक दाखवायचं नाही, रंगामुळे लग्न अडलं नोकरी अडली असं दाखवायचं नाही, आणि क्रीम लावायच्या आधीच्या चेहऱ्यावर मुद्दाम रडका भाव ठेवायचा नाही. हे नियमात लिहावं लागलं म्हणजे त्याआधी काय चालायचं ते समजा. आणि २०२० मध्ये कंपनीने नावातला फेअर हा शब्दच काढला, ग्लो अँड लव्हली झालं.

हे सगळं गोष्टीत कोंबायचं नाहीये हं! पण तुम्हाला ठाऊक हवं, कारण तुमच्या गोष्टीतली जाहिरात ही तुमच्या लहानपणची जाहिरात आहे, ज्यात नवरामुलगा नकार देऊन उठून जातो. तुमच्या मुलीने तशी बघितलेलीच नसणार. तिच्या वाट्याला येतं ते "ग्लो", "निखार", "ब्राइट", "डाग कमी करा", आणि टीव्हीपेक्षा फोनवर, दोन रील्सच्या मधे. कुणी गोरी म्हणतच नाही, फक्त शेवटच्या फ्रेममधली मुलगी पहिल्या फ्रेममधल्या मुलीपेक्षा गोरी असते. म्हणून तिने "असं कुठे होतं" विचारलं त्यात हेही आलं असणार. दोन रस्ते आहेत, एकतर गोष्ट सरळ २००० च्या सुमाराला नेऊन ठेवा, टीव्हीचा जमाना, तुमचं स्वतःचं बालपण, किंवा आजची ठेवायची असेल तर जाहिरात फोनवर येऊ दे. मला विचाराल तर दुसरा रस्ता, कारण फोनवर जाहिरात थांबवता येते, मागे नेता येते, आणि आपल्याला तेच हवंय.

जाहिरात नीट बसून बनवा, तीस सेकंदांची. गोष्टीतली जाहिरात तुमची आहे, कुठल्या खऱ्या ब्रँडचं नाव नको. पहिले सात-आठ सेकंद एक मुलगी, केस बांधलेले, राखाडी नाहीतर मेंदी रंगाचा कुर्ता, उजेड वरून पडतोय त्यामुळे डोळ्यांखाली सावल्या, ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. मैत्रीण ट्यूब देते. मग ते ॲनिमेशन, थेंब त्वचेत उतरतात, आत कसलेतरी गोळे उजळत जातात. मग बोटावर पांढरा ठिपका, गालावर दोन फटकारे. मग एकदम केस मोकळे, गुलाबी ड्रेस, समोरून मऊ उजेड, मुलगी थेट तुमच्याकडे बघून हसते. खाली दोन सेकंद बारीक अक्षरांत काहीतरी येऊन जातं.

ही जाहिरात रेवाने पहिल्यांदा बघितली की तिला वाईटच वाटू दे, रडायचंही काही कारण नाही, फक्त ती जाऊन आरशात गाल बघते एवढं पुरे. पण तीच जाहिरात परत परत लागते ना, तर चौथ्या-पाचव्या वेळेला तिला एक गोष्ट खटकू दे. क्रीम लावलं गालांना. मग शेवटी हात कसे गोरे झाले? कोपर पण? मान पण? तिने तर हाताला लावलंच नव्हतं. इथे बाराची मुलगी शंभर टक्के थांबते, पॉज करते, मागे नेते. मोठ्या माणसाला हे दिसत नाही कारण तो जाहिरात बघतच नसतो, मुलं मात्र असल्या चुका काढण्यात वाघ असतात. आणि पॉज केलं की ती खालची बारीक ओळही वाचता येते, की हे सर्जनशील चित्रण आहे, परिणाम व्यक्तीनुसार वेगळा. तुमच्या गोष्टीचा सांधा इथे आहे. तिला कुणी सांगितलं नाही की जाहिरात खोटी आहे, तिने पकडलं.

पण नुसतं पकडून अभिमान येत नाही, फार तर "हॅ, फसवतात" इतकं येतं. पुढची पायरी हवी आणि ती तुमच्या पत्रातच आहे, फोटो. तुमची मुलगी फोटोतून सटकते असं तुम्ही लिहिलंय. तर मग रेवाचा रोजचा जाच क्रीम नसून फोटो असू दे. वर्गाच्या ग्रुप फोटोत तिचे फक्त दात दिसतात असं पोरं चिडवतात. आता हे दात का दिसतात ते समजून घ्या, मजा येईल तुम्हाला. कॅमेरा काही कुणाचा रंग ओळखत नाही, समोरच्या दृश्यात एकूण उजेड किती ते मोजतो आणि सगळं मध्यम राखाडीच्या आसपास आणायला बघतो. मागे पांढरी भिंत, अंगात पांढरे शर्ट, म्हणजे फ्रेममध्ये नुसता पांढरा भरलाय, कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो सगळं खाली ओढतो. पांढरी भिंत जरा मळकट होते, गोरे चेहरे बरे दिसतात आणि सावळा चेहरा एकदम अंधारात जातो, नाक-डोळे-हनुवटी सगळं एकजीव. तो रेवाचा रंग नाहीये, ती मोजणीतली गडबड आहे. हे जुनं दुखणं आहे म्हणा, कोडॅककडे फोटो छापताना रंग जुळवायला एका बाईच्या फोटोचं कार्ड असायचं, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला, ती बाई गोरी, आणि वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं.

म्हणजे रेवाने जाहिरातीतले दोन्ही फोटो स्वतःच काढून बघायचे. तिच्या मावसभावाला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या, अशा उचापती एकट्याने होत नाहीत. आधी आधीचा फोटो, ट्यूबलाइटच्या बरोब्बर खाली उभं राहून, केस चापून, तोंड पाडून, मागे पांढरी भिंत. मग नंतरचा, खिडकीसमोर तोंड करून, थेट ऊन नाही, फक्त उजेड, मागे काहीतरी गडद, लाकडी कपाट किंवा काळोखा पॅसेज. आणि स्क्रीनवर स्वतःच्या चेहऱ्यावर बोटाने टॅप करायचं, म्हणजे फोन भिंतीचा उजेड सोडून चेहऱ्याचा उजेड मोजतो. एक खबरदारी, हल्लीचे फोन चेहरा ओळखून बरंच काही आपोआप सावरतात, त्यामुळे घरातला जुना फोन वापरायला द्या, तिथे फरक ढळढळीत दिसतो. आणि बऱ्याच फोनमध्ये सेल्फीला ब्यूटी मोड आधीपासून चालू असतो, तो गुपचूप चेहरा गुळगुळीत आणि उजळ करतो. हे तर गोष्टीसाठी घबाड आहे. रेवाला कळू दे की तिला आवडलेला एकमेव सेल्फी फोनने परस्पर गोरा केलेला होता. तिथे तिला खरा धक्का बसेल, जाहिरातीपेक्षा मोठा.

हा प्रसंग कसा लिहिता येईल त्याचा एक तुकडा देते, आदित्य हा तिचा मावसभाव, जसाच्या तसा उचलू नका, फक्त चाल बघा:

*"हा बंद कर," आदित्य म्हणाला. "काय?" "हे बघ, ब्यूटी म्हणून आहे. पाचावर आहे." रेवाने तो शून्यावर आणला. स्क्रीनवरचा चेहरा एकदम गडद झाला आणि तिने फोन खाली केला. "राहू दे." "थांब ना, टॅप कर. तोंडावर कर, भिंतीवर नको." तिने केलं. मागचं कपाट काळं होतं ते राखाडी झालं, खिडकीचा कोपरा पांढराफटक झाला, आणि मधे ती होती. नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या हाडावर उजेडाची एकेक रेघ. भुवईजवळची देवीच्या लसीएवढी खूण, पाच वर्षांची असताना पाळण्यावरून पडली होती ती. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद. हे तिला माहीतच नव्हतं. "काढू?" आदित्यने विचारलं. "थांब," ती म्हणाली, "मी बघतेय."*

बघा, यात ती सुंदर आहे असं कुणी म्हटलेलं नाही. आदित्यनेही "वा, मस्त दिसतेस" म्हणायचं नाही, म्हटलं की परत दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर आलो. ती पहिल्यांदा स्वतःकडे टाळल्याशिवाय बघतेय इतकंच. आणि उजेडाची ती रेघ मी उगाच नाही टाकली, गडद त्वचेवर चमक जास्त उठून दिसते, कारण आजूबाजूचा भाग कमी उजेड परत फेकतो, त्यामुळे गालाचा उंचवटा, नाकाची कड एकदम कोरल्यासारखी येते. वर्णन करायचं तर हे करा. चॉकलेट, कॉफी, गुळाची ढेप वगैरे खाद्यपदार्थ पोरीच्या चेहऱ्यावर आणू नका, प्लीज. रंग सांगायचाच असेल तर कुठे कुठला आहे ते सांगा, कपाळावर वेगळा असतो, डोळ्यांखाली वेगळा, तळहाताच्या कडेला जिथे तपकिरी संपून गुलाबी सुरू होतो तिथली रेघ तर किती बारकाईने लिहिता येईल.

आता अभिमान. तो दाखवायला पुन्हा फोटोच वापरा. वर्गाचा फोटो. बाई मोबाईलवर काढतायत, सगळे पांढऱ्या भिंतीपुढे, आणि बाई म्हणतात, "रेवा, अगं हस जरा, दिसतच नाहीयेस." आत्तापर्यंत या वाक्यावर ती हसून मागच्या रांगेत जायची. या वेळी ती म्हणते, "बाई, माझ्या तोंडावर टॅप करा ना." झालं, एवढंच. सगळ्यांसमोर ती सांगतेय की मी दिसले पाहिजे, आणि मी दिसत नाहीये तर ते फोनने सुधारायचंय, मी नाही. याच्यापेक्षा मोठा अभिमान बाराव्या वर्षी नसतो.

आणि इथे थांबू नका, कारण यात एक खरी अडचण येते आणि तिच्यामुळे गोष्ट भाषण होता होता वाचेल. बाईंनी रेवावर टॅप केलं की रेवा छान दिसणार, पण भिंत आणि शर्ट पांढरेफेक होणार आणि पहिल्या रांगेतली गोरी मैत्रीण चुना फासल्यासारखी दिसणार! ती किंचाळणारच, "ईईई, माझं नाकच गेलं!" सगळा वर्ग हसणार, आणि या वेळी रेवावर नाही. एका फोटोत एकच मोजमाप चालतं, कुणावर तरी अन्याय होतो, ही कॅमेऱ्याची मर्यादा खरीच आहे. मग उपाय काय, तर भिंत सोडायची. सगळ्यांनी उठून झाडाच्या सावलीत जायचं, जिथे उजेड सगळ्यांवर सारखा आणि मागे गडद पानं, तिथे दोघीही दिसतात. हा उपाय रेवालाच सुचू दे, ती आठवडाभर घरात हेच करत होती ना. बेंच उचलायला कुरकुर, कुणाचा बूट चिखलात, बाई घड्याळ बघतायत, घंटा होतेय, असं सगळं येऊ द्या, घाई असली की माणसं खरी बोलतात.

विज्ञान कितपत आणायचं असा प्रश्न तुम्हाला पडेल, कारण तुमच्या गोष्टीत बाई वर्गात सांगतात की काळ्या त्वचेला ऊन बाधत नाही. ते वाक्य तेवढं काढाच, ते खरं नाही. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन जास्त असलं की उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, पण गडद त्वचाही उन्हाने भाजते, डागाळते, उलट डाग जास्त काळ राहतात. त्याऐवजी एक गोष्ट आहे जी मुलांना भारी आवडते. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण तेवढ्याच असतात, फरक असतो तो त्या पेशी मेलॅनिन कुठल्या प्रकारचं आणि किती बनवतात आणि त्याचे कण केवढाले नि कसे पसरलेले असतात त्यात. जाहिरातीत जे गोळे उजळताना दाखवतात ते बघून रेवाला प्रश्न पडला आणि तिने पुस्तकात शोधलं, किंवा सायन्सच्या बाईंना मधल्या सुट्टीत गाठलं, असं एका परिच्छेदात येऊ शकतं. त्याहून जास्त नको, नाहीतर गोष्टीचा धडा होतो.

आणखी एक बारीक जागा. तुमच्या कथेत शेजारची ताई तेच क्रीम लावून "आठ दिवसांत उजळली" असं ओझरतं आलंय. दुकानातल्या साध्या क्रीमने असं होत नाही, त्यात बहुधा ऊन अडवणारे घटक आणि नायसिनमाइडसारखं काहीतरी असतं, फरक पडला तर हळूहळू आणि थोडा. आठ दिवसांत चेहरा खरंच पांढरा झाला तर त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी, मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अशी तिघांची मिसळ असलेली औषधी क्रीम्स लोक मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन् महिने लावतात. पुढे चेहरा लाल होतो, उन्हात चुरचुरतो, बारीक लव येते, पुरळ उठतं, आणि बंद केलं की जास्तच भडकतं म्हणून परत लावतात. हे तुमच्या कथेत हवं असेल तर त्या ताईचं पात्र मोठं करावं लागेल, ती वेगळीच कथा होईल, आणि चांगली होईल. या कथेतून मात्र ते वाक्य काढा, नाहीतर वाचक म्हणेल क्रीम चालतं की मग! (आणि तुमच्या ओळखीत खरोखर कुणी असं क्रीम लावत असेल तर एका दिवसात बंद करायला सांगू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा, ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.)

राहिली आजी. तिला शेवटी पश्चात्ताप वगैरे करायला लावू नका, सत्तर वर्षांची सवय एका फोटोने जात नाही. रविवारी ती वाटी घेऊन येणारच. रेवा नको म्हणेल, किंवा म्हणेल की पाठीला लाव, मस्त वाटतं, तोंडाला नको. मला हे दुसरं जास्त आवडेल, कारण त्यात आजीचा हात पण राहिला आणि रेवाचंही झालं. आणि रेवाला अधूनमधून पुन्हा वाईट वाटणार आहे हेही राहू द्या. तीच जाहिरात लागल्यावर पहिला सेकंदभर तिच्या पोटात खड्डा पडतोच, मग ती हात बघते, कोपर बघते. वाचकाला ते पटेल, तुमच्या मुलीला तर नक्कीच.

लांबीचं म्हणाल तर रडणं एका ओळीत, जाहिरात अर्ध्या पानात, ब्यूटी मोडचा प्रसंग सगळ्यात मोठा, वर्गाचा फोटो त्याखालोखाल, आजी सुरुवातीला आणि मधे एकदा, अशी वाटणी ठेवा. शेवट झाडाखाली सगळे नीट उभे राहिले आणि बाईंनी "रेडी?" म्हटलं तिथेच तोडा, फोटो कसा आला ते सांगूच नका.

आणि लिहायला बसायच्या आधी हा ट्यूबलाइट-खिडकीचा उद्योग घरी खरोखर करा, नाहीतर कपाट किती काळं पडतं, पांढरं कसं फुटतं हे तुम्हाला लिहिता येणार नाही. मुलीला "चल तुझा फोटो काढते" असं अजिबात म्हणू नका, ती पळेल. फोन तिच्या हातात द्या आणि तुम्ही ट्यूबलाइटखाली तोंड पाडून उभ्या राहा, आधीचा फोटो तुमचा. नंतरचाही तुमचाच. तिला वाटलं तर ती येईल फ्रेममध्ये, नाही आली तरी कथेला लागणारा सगळा माल तोवर तुमच्याकडे जमलेला असेल. कच्चा खर्डा झाला की आधी तिलाच वाचायला द्या, मासिकाला नंतर, आणि तिने कुठे "असं नसतं" म्हटलं तर तिथे पेन्सिलीने खूण करून मला तेवढा भाग पाठवा.